प्रदर्शनाआधी चालू काम दाखवताना: काय, किती आणि कधी

प्रश्न: ‘मी तैलरंगात काम करतो. दहा आठवड्यांनी एकल प्रदर्शन आहे, सोळा चित्रं. गॅलरीने सांगितलंय की काम चालू असतानाचे फोटो टाकत राहा. टाकतोय. लाइक येतात, “अप्रतिम” येतं, पण विकत घ्यायचं कुणी बोलत नाही. आणि सगळं आधीच दाखवून टाकलं तर उद्घाटनाला लोक येतील कशाला? नेमकं काय, किती आणि कधी दाखवायचं?’

चित्र विकत घेणारा माणूस सहसा सावकाश ठरवतो. प्रदर्शनात तो सगळी चित्रं मिळून अर्धा-पाऊण तास बघतो. त्यात एखादं मनात भरतं, पण वर्षानुवर्षं आपल्या भिंतीवर राहील इतकी त्याची ओळख होत नाही, आणि तो ‘विचार करून कळवतो’ म्हणून निघून जातो. तो विचार त्याने आधीच, घरबसल्या, काही आठवडे केलेला असावा, यासाठी चालू कामाच्या पोस्टची ही मालिका असते. तुमच्या वर्णनावरून वाटतं की आज एका चित्राचा कोपरा, उद्या दुसऱ्याचा, परवा पॅलेट असं चाललं असावं. बघणाऱ्याला तुम्ही कामात आहात एवढंच कळतं. एकाही चित्राशी त्याचं नातं जुळत नाही. आणि एखाद्याला खरंच आवडलं, तर त्याने पुढे काय करायचं हे कुठेच लिहिलेलं नसतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगते. तैलरंगात चित्र आठवडेच्या आठवडे चालतं, म्हणून मालिकेला जागा मिळते. जलरंगाचं चित्र एका बैठकीत होतं. तिथे टप्प्यांपेक्षा कच्ची रेखाटनं आणि बाद केलेले प्रयत्न जास्त बोलतात. तुमची चित्रं खूप महागड्या गटातली असतील, तर घेणारे लोक उघडपणे कमेंट करत नाहीत, त्यांच्याशी खासगीत बोलावं लागतं. आणि काही चित्रकारांचं काम कुणी बघतंय या जाणिवेनेच बिघडतं. तसं असेल तर त्यावरही उपाय आहे, तो पुढे येईल.

या पद्धतीचा एक जुना, नोंदलेला दाखला आहे. 1935 साली आंरी मातिस एक पहुडलेली नग्नाकृती रंगवत होते. ते कॅनव्हासवर कागदाचे कापलेले तुकडे लावून आकार हलवून बघत, आणि चित्राच्या वेगवेगळ्या अवस्थांचे फोटो काढून घेत. अशा 22 अवस्थांचे फोटो आहेत. ते त्यांनी एटा कोन या संग्राहक बाईंना पाठवले, आणि पुढे ते चित्र त्यांनीच घेतलं. आज ते बाल्टिमोरच्या कलासंग्रहालयात आहे. त्या फोटोंमध्ये ब्रश कसा धरला हे दिसत नाही. आकृती मोठी झाली, पाय सरकला, मागची खोली सपाट होत गेली, हे दिसतं. म्हणजे एकामागून एक घेतलेले निर्णय दिसतात. एवढं बघितल्यावर शेवटचं चित्र त्या बाईंना अनोळखी उरलं नसणार.

आता तुमच्या सोळा चित्रांकडे वळू. माझा सल्ला असा की त्यातली तीनच सुरुवातीपासून टप्प्याटप्प्याने दाखवा: एक मोठं, एक मध्यम, एक लहान. आकार वेगळे म्हणजे किमती वेगळ्या, त्यामुळे वेगवेगळ्या ऐपतीच्या लोकांना आपलं म्हणावं असं काहीतरी सापडतं. उरलेल्यांतल्या पाच-सहांची एखादी झलक पुरे. बाकीची अजिबात दाखवू नका. उद्घाटनाला येणाऱ्यांसाठी जवळपास अर्धं प्रदर्शन कोरं राहतं, आणि तुमची दुसरी भीती तिथेच बरीचशी मिटते.

तीन चित्रं निवडताना सर्वांत सुंदर कोणतं होईल हे बघू नका. ज्यात अजून काहीतरी ठरायचं बाकी आहे, ते घ्या. ज्याचं सगळं रेखाटनातच ठरून गेलंय आणि आता फक्त रंग भरायचेत, त्यात दाखवण्यासारखं फारसं घडत नाही.

एका चित्रकार मैत्रिणीच्या प्रदर्शनाची मालिका आम्ही दोघींनी मिळून आखली होती. तिचं मोठं चित्र 120 बाय 90 सेंटिमीटरचं होतं: रिकामी खोली, खिडकी, एक खुर्ची, जमिनीवर पडलेला उजेड. त्या एका चित्राच्या सहा पोस्ट केल्या, आठवड्याला साधारण एक.

पहिल्या पोस्टमध्ये कॅनव्हास नव्हताच. वहीतली पेन्सिलीची तीन छोटी रेखाटनं होती आणि प्रत्येकात खुर्ची वेगळ्या जागी होती. खाली लिहिलं होतं की खुर्ची खिडकीजवळ ठेवली तर कुणीतरी येणार आहे असं वाटतं, लांब ठेवली तर कुणीतरी नुकतं उठून गेलंय असं वाटतं. मला दुसरं हवंय. एवढंच. दुसऱ्या पोस्टमध्ये बर्न्ट सिएनाच्या पातळ थराने रंगवलेला कॅनव्हास आणि त्यावर चारकोलची रेखा. तिसरीत तपकिरी रंगातलं अंडरपेंटिंग, फक्त उजेड आणि सावली.

चौथी पोस्ट सगळ्या मालिकेचा कणा ठरली. तिने खिडकीपाशी एक उभी बाई रंगवली होती, आणि ती पुसून टाकली. दोन फोटो शेजारी ठेवले, बाई असलेला आणि नसलेला. खाली कारण दिलं: ‘ही असताना सगळे तिच्याकडे बघत होते, उजेडाकडे कुणीच नाही.’ या पोस्टवर पहिल्यांदा लोक वाद घालू लागले. काहींना बाई हवी होती. एकाने विचारलं की पुसलेल्या जागी जवळून बघितलं तर अजून काही दिसतं का. दिसत होतं, पातळ रंगाखाली तिच्या खांद्याची कड जरा उरली होती. तो माणूस उद्घाटनाला आला तो थेट त्या चित्रापाशी गेला, आणि आधी ती कड शोधली. चित्र त्यानेच घेतलं. जो असं काही शोधत येतो, त्याच्याशी होणारं बोलणं वेगळंच असतं.

पाचव्या पोस्टमध्ये ग्लेझचे थर, पण फक्त जमिनीवरच्या उजेडाचा भाग. सहावीत चित्राची मागची बाजू: ताणलेला कॅनव्हास, पाचर, टांगायची तार, आणि मागे लिहिलेलं नाव, वर्ष, माप, माध्यम. ही पोस्ट कंटाळवाणी वाटेल असं तिला वाटत होतं. घेणाऱ्यासाठी ती महत्त्वाची असते, कारण वस्तू नीट बांधलेली आहे, टिकणार आहे, हे त्याला त्यातून कळतं.

प्रत्येक कॅप्शनमध्ये दोन गोष्टी न चुकता होत्या. पहिली म्हणजे सेंटिमीटरमध्ये माप. पडद्यावर सगळी चित्रं हाताएवढीच दिसतात, आणि प्रत्यक्षात मोठं किंवा लहान निघालं की घेणारा गडबडतो. म्हणून निदान एका फोटोत शेजारी माणूस किंवा खुर्ची असावी. दुसरी गोष्ट शेवटची एक ओळ: ‘हे चित्र प्रदर्शनात असेल. पूर्ण झाल्यावर आधी बघायचं असेल तर मेसेजमध्ये नाव कळवा.’ रोज वेगळं काहीतरी सुचवू नका. एकच ओळ, एकच कृती, शेवटपर्यंत.

आता कॅप्शनचं सविस्तर बोलायला हवं, कारण बहुतेक मालिका इथेच भरकटतात. तुमच्या कमेंट पुन्हा वाचा. लोक विचारत असतील की पांढरा कोणता वापरता, ब्रश किती नंबरचा, लिन्सीड ऑइल किती घालता, तर तुमच्याभोवती चित्रकार आणि विद्यार्थी जमलेत. चांगलीच मंडळी आहेत, पण ती चित्र क्वचितच घेतात. कसं केलं हे सांगितलं की करणारे जमतात. का केलं हे सांगितलं की बघणारे थांबतात. वेगवान टाइमलॅप्सचंही तसंच आहे. हजारो लोक बघतात, हात कसा सफाईने फिरतो याचं कौतुक होतं, आणि कोणता निर्णय कधी झाला हे त्या वेगात दिसतच नाही. टाइमलॅप्स टाकायचाच असेल तर एकदा टाका, सुरुवातीला, नवे लोक यावेत म्हणून. त्यावर मालिका उभी करू नका.

म्हणजे ‘आज सावलीत अल्ट्रामरिन आणि बर्न्ट अंबर मिसळलं’ याऐवजी ‘सावली काळी होती तेव्हा खोली बंद वाटायची, म्हणून ती निळसर केली’ असं लिहा. रंग तोच आहे, पण दुसऱ्या वाक्याने वाचणारा चित्राकडे पुन्हा बघतो. काव्यमय लिहायची गरज नाही. तीन-चार साधी वाक्यं पुरतात.

एक टप्पा मात्र जपून दाखवा. तैलचित्रात मध्ये एक अवस्था येते, रंगांचे पहिले सपाट थर बसलेले असतात, कडा ठरलेल्या नसतात, सगळं चिखल झाल्यासारखं वाटतं. तुम्हाला माहीत असतं की हे सुधारणार, बघणाऱ्याला नसतं. तो फोटो एकटा टाकला तर तीच प्रतिमा त्याच्या डोक्यात बसते. टाकायचा असेल तर त्याच पोस्टमध्ये पुढची अवस्थाही द्या, किंवा तो वगळा. सगळं प्रामाणिकपणे दाखवायचं म्हणजे प्रत्येक दिवस दाखवायचा असं नव्हे.

इथेच तो उपाय येतो ज्याचा मी वर उल्लेख केला. ईझलवर जे चाललंय ते त्याच दिवशी टाकू नका. फोटो आणि दोन ओळींची टिपणं आजच करून ठेवा, पोस्ट दोन-तीन आठवडे मागे ठेवा. याचे फायदे तीन. कुणी लिहिलं की बाई ठेवा, तोवर तुमचा निर्णय होऊन गेलेला असतो, त्यामुळे हात थरथरत नाही. चिखलाची अवस्था पार झालेली असते, म्हणून पुढचा फोटो हाताशी असतो. आणि शेवटच्या पंधरवड्यात फ्रेम, वाहतूक, टांगणी, निमंत्रणं यांत तुम्ही बुडालेले असताना मालिका आपोआप चालू राहते. तैलरंगाच्या वाळण्याचाही हिशोब यात बसतो. पातळ थर काही दिवसांत हाताला कोरडा लागतो, जाड थराला कितीतरी आठवडे जातात, तेव्हा जाड रंगाचं शेवटचं काम टांगणीच्या बरंच आधी संपायला हवं. शेवटचं वॉर्निश तर सहसा सहा महिने ते वर्षभरानंतरच लावतात. कुणी विचारलं की चित्र वॉर्निश केलेलं आहे का, तर हे कारण सांगून टाका, घेणाऱ्याला ते आवडतं.

फोटोंबद्दल थोडंसंच. एका चित्राच्या सगळ्या अवस्था एकाच जागेवरून, एकाच उंचीवरून, एकाच उजेडात काढा. जमिनीवर चिकटपट्टीने ईझलचे पाय आणि तुमची उभी राहायची जागा आखून ठेवा. फोनला आपोआप रंग ठरवू दिलात तर एका फोटोत भिंत पिवळी, दुसऱ्यात निळी येते, आणि लोकांना वाटतं तुम्ही रंगच बदललात. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. ओल्या रंगावर चकाकी येते. थेट समोरचा दिवा टाळा, दोन्ही बाजूंनी साधारण 45 अंशांतून उजेड घ्या किंवा सावलीतला दिवसाचा उजेड वापरा. रंगाच्या थराची जाडी दाखवायची असेल तेव्हा मात्र मुद्दाम एका बाजूने तिरपा उजेड टाका आणि जवळून काढा. प्रदर्शनात येऊन बघायला हवं असं वाटायला लावणारा फोटो हाच असतो, कारण पडद्यावर जे पोचत नाही त्याची जाणीव तो करून देतो.

आता घेणाऱ्यांचा भाग. लाइक मोजू नका. किती जणांनी पोस्ट जपून ठेवली, किती जणांनी कुणाला पाठवली, आणि मुख्य म्हणजे किती जणांनी माप, किंमत, तारीख किंवा ‘हे अजून आहे का’ असं विचारलं, ते बघा. असं विचारणारा प्रत्येक माणूस एका साध्या वहीत लिहून ठेवा: नाव, कोणतं चित्र, काय विचारलं, कोणत्या तारखेला. माझ्या अनुभवात लहान प्रेक्षकवर्ग असलेल्या चित्रकाराकडे अशी वीस-पंचवीस नावं जमली तरी उद्घाटनाचा दिवस बदलून जातो.

कुणी कमेंटमध्ये किंमत विचारली तर तिथे थोडक्यात ‘हो, प्रदर्शनात आहे, मेसेज करतो’ असं लिहा, म्हणजे बाकीच्यांनाही कळतं की चित्र विक्रीला आहे. पुष्कळ लोकांना हे माहीतच नसतं. काम चालू असतानाचे फोटो बघून ते कलाकाराच्या डायरीतलं पान समजतात. मग खासगीत साधारण असं: ‘विचारल्याबद्दल आभार. चित्र 120 बाय 90 सेंमी आहे, अजून दोन आठवड्यांचं काम बाकी आहे. पूर्ण झालं की फोटो, किंमत आणि माहिती उद्घाटनाच्या आठवडाभर आधी पाठवीन. तुमचं नाव यादीत घेऊ ना?’ हो म्हणाले की विषय तिथेच थांबवा. पुन्हा पुन्हा आठवण करून देऊ नका.

हे करण्याआधी, म्हणजे पहिल्याच पोस्टच्या आधी, गॅलरीचा करार काढून वाचा. तुमच्या पोस्टमुळे आलेल्या माणसाने उद्घाटनाआधी चित्र घेतलं तर गॅलरीचं कमिशन लागतं का? बहुतेक करारांत लागतं, आणि ते 40 ते 50 टक्के असणं सर्रास आहे. चित्र आधी विकता येतं का, की उद्घाटनापर्यंत थांबायचं? किंमत तुम्ही सांगायची की गॅलरीने? हे लेखी ठरवून घ्या. किंमत सगळीकडे एकच असली पाहिजे. मेसेजमध्ये एक आणि भिंतीवरच्या पत्रकात दुसरी निघाली, तर एका विक्रीपायी गॅलरीचा आणि आधी घेतलेल्यांचा विश्वास जातो.

मध्येच कुणी म्हणालं की हे मी घेतो, पण खुर्ची लाल करा, तर नम्रपणे नाही म्हणा. मालिकेतलं चित्र हे फर्माइशीचं काम नव्हे, आणि त्याच्यासाठी तुम्ही बदल केला की बाकीचे बघणारे ज्या निर्णयांमागे आले होते ते निर्णय तुमचे उरत नाहीत. त्यांना वेगळं चित्र करून हवं असेल तर ते बोलणं प्रदर्शनानंतर.

पूर्ण चित्र कधी दाखवायचं, यावर मतं वेगवेगळी आहेत. माझं मत असं: तीनपैकी एकच, शक्यतो लहान चित्र, शेवटच्या आठवड्यात सगळ्यांसमोर पूर्ण दाखवा. तुम्ही सुरू केलेलं नीट शेवटाला नेता हे लोकांना दिसायला हवं. मोठं आणि मध्यम चित्र पूर्ण अवस्थेत फक्त यादीतल्या लोकांना पाठवा, उद्घाटनाच्या पाच ते सात दिवस आधी, सोळाही चित्रांच्या मापांसह आणि किमतींसह. आधी नाव कळवण्याचा त्यांना खरा उपयोग होतो. जे लांब राहतात आणि येऊ शकत नाहीत, त्यांना याशिवाय ठरवताच येत नाही. चित्र फोटोत बघितलं म्हणून लोक येत नाहीत, असं मला कधी दिसलेलं नाही. ज्यांचा निर्णय अर्धा झालेला असतो, ते उरलेला निर्णय चित्रासमोर उभं राहून घेण्यासाठी येतात.

यादी पाठवल्यावर दोन-चार जण एकाच चित्रासाठी ‘माझ्यासाठी ठेवा’ म्हणतील. नियम आधीच लिहून पाठवा: जो आधी लेखी कळवेल त्याच्यासाठी 48 तास राखून ठेवू, त्यात ठरलं नाही तर पुढच्याला विचारू. राखून ठेवलेल्या चित्राची नोंद त्याच दिवशी गॅलरीला द्या, कारण उद्घाटनाला लाल ठिपका लावणारा हात त्यांचा असतो आणि तुमच्या मेसेजमध्ये काय ठरलं हे त्यांना माहीत नसतं. ज्याला चित्र मिळालं नाही त्याला त्याच दिवशी कळवा, आणि वहीत त्याच्या नावापुढे कोणतं चित्र हुकलं ते लिहा. पुढच्या मालिकेचं पहिलं रेखाटन सगळ्यांच्या आधी त्याला पाठवायचं आहे.